दाब बदलला किंवा निष्क्रिय वायू घातला, तर समतोल कुठे सरकेल? आधी आकारमान विचारा

अकरावीच्या रसायनशास्त्रात आणि पुढे नीट-जेईईच्या पेपरात हा प्रश्न हमखास असतो: समतोलात असलेल्या वायूंच्या मिश्रणात आरगॉन सोडला, तर समतोल कोणत्या बाजूला सरकेल? पुष्कळ मुलं पटकन सांगतात, "दाब वाढला, म्हणजे कमी मोलांच्या बाजूला." उत्तर चुकतं. मग कोणीतरी दोन वाक्यं पाठ करायला देतं: आकारमान स्थिर असेल तर काही होत नाही, दाब स्थिर असेल तर जास्त मोलांच्या बाजूला. ही वाक्यं बरोबर आहेत, पण नुसती पाठ केलेली असली की प्रश्न जरा फिरवून आला की उलटसुलट होतात. त्यापेक्षा ती जिथून येतात ते एकच सूत्र हाताशी ठेवलं, तर पाठ करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

सगळं एका सूत्रात

समतोलाला पात्रातला एकूण दाब कळत नाही. त्याला कळतात अभिक्रियेत भाग घेणाऱ्या प्रत्येक वायूचे आंशिक दाब. आदर्श वायूचा आंशिक दाब म्हणजे

p = nRT / V

यात n हे फक्त त्या वायूचे मोल आहेत. शेजारी आरगॉन आहे की नाही, किती आहे, याचा या सूत्रात कुठेही उल्लेख नाही. आता हे आंशिक दाब Q च्या सूत्रात घालू. Q म्हणजे समतोल स्थिरांक K चंच सूत्र, फक्त त्यात समतोलातल्या किमतींऐवजी त्या क्षणी असलेल्या किमती घालायच्या. प्रत्येक p मधून RT/V बाहेर काढलं की उरतं ते असं:

Q = (मोलांचं गुणोत्तर) × (RT/V)^Δn

मोलांच्या गुणोत्तरात उत्पादितांचे मोल वर, अभिकारकांचे खाली, आणि प्रत्येकाला त्याच्या सहगुणकाचा घातांक. Δn म्हणजे वायुरूप उत्पादितांचे मोल वजा वायुरूप अभिकारकांचे मोल, समीकरणात दिसतात तसे.

या सूत्रात काय नाही ते नीट पाहा. एकूण दाब नाही आणि निष्क्रिय वायूचे मोलही नाहीत. तापमान तेच असेल आणि आपण घातलेला वायू अभिक्रियेत भाग घेत नसेल, तर त्या क्षणी Q बदलायला एकच वाट उरते: V बदलणं. म्हणून "दाब वाढला तर काय?" हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे. दाब कशामुळे वाढला? दट्ट्या दाबून वाढला असेल तर V कमी झालं. आरगॉन सोडून वाढला असेल तर V तसंच राहिलं. पात्र तापवून वाढला असेल तर K स्वतःच बदलला, आणि तो पूर्ण वेगळा प्रश्न आहे.

पायऱ्या

पहिली पायरी: संतुलित समीकरण लिहा, प्रत्येक पदार्थाची अवस्था लिहा आणि फक्त वायूंचे मोल मोजून Δn काढा. घन आणि शुद्ध द्रव मोजायचे नाहीत. CaCO₃(s) ⇌ CaO(s) + CO₂(g) यात Δn = +१ येतो, कारण वायू एकच आहे.

दुसरी पायरी: घातलेला वायू या अभिक्रियेपुरता खरंच निष्क्रिय आहे का ते पाहा. N₂O₄ च्या पात्रात नायट्रोजन निष्क्रिय आहे, अमोनियाच्या पात्रात तो अभिकारक आहे. पाण्याची वाफ एका ठिकाणी नुसती पातळ करण्याचं काम करते, तर CO + H₂O ⇌ CO₂ + H₂ मध्ये ती स्वतःच अभिकारक असते. "निष्क्रिय" हा वायूचा कायमचा गुण नाही, तो त्या अभिक्रियेच्या संदर्भातच ठरतो.

तिसरी पायरी: काय बांधून ठेवलं आहे ते शोधा. "दृढ पात्र", "स्टीलचं बंद पात्र", "ठरावीक लिटरचा फ्लास्क" असं लिहिलं असेल तर V स्थिर आहे. "सरकता दट्ट्या", "वातावरणाच्या दाबाला", "दाब कायम ठेवून" असं असेल तर दाब स्थिर आहे आणि V ला बदलायची मोकळीक आहे. कित्येकदा प्रश्नात हे सरळ सांगितलेलं नसतं, पात्राच्या वर्णनातून ताडावं लागतं. त्या प्रश्नाची सगळी गंमत आणि सगळा घोळ याच ठिकाणी असतो.

चौथी पायरी: अभिक्रिया क्षणभर थांबली आहे असं समजा. कोणाचेही मोल बदललेले नाहीत, फक्त आपण केलेला बदल झाला आहे. आता V किती पट झालं? V दुप्पट झालं तर Q ला (१/२)^Δn ने गुणायचं. V अर्धं झालं तर २^Δn ने.

पाचवी पायरी: नवा Q आणि K यांची तुलना करा. Q > K असेल तर अभिक्रिया डावीकडे, Q < K असेल तर उजवीकडे, आणि दोन्ही सारखे असतील तर कुठेच नाही. K या सगळ्यात तोच राहतो, कारण तापमान तेच आहे.

सहावी पायरी बहुतेक जण गाळतात: प्रश्नात नक्की काय विचारलं आहे? मोल, विघटनाचं प्रमाण, संहती की मोल-अपूर्णांक? समतोल उजवीकडे सरकला म्हणजे उत्पादिताचे मोल वाढले एवढंच नक्की. त्याची संहती वाढली असं मुळीच नाही. हे पुढच्या उदाहरणात आकड्यांतच दिसेल.

N₂O₄ ⇌ 2NO₂: एकच मिश्रण, तीन बदल

N₂O₄ रंगहीन आहे, NO₂ तांबूस-तपकिरी. दोन्ही वायू, Δn = +१. २९८ केल्विनला Kp साधारण ०.१५ आहे, दाब बारमध्ये मोजले तर.

सुरुवातीला १ मोल N₂O₄ घेतला आणि १ बार दाबाला समतोल येऊ दिला असं धरू. विघटनाचं प्रमाण α असेल, तर N₂O₄ चे (१ − α) मोल उरतात, NO₂ चे २α होतात आणि एकूण (१ + α). यावरून Kp = ४α²P / (१ − α²). P = १ ठेवून सोडवलं की α = ०.१९ येतो. म्हणजे ०.८१ मोल N₂O₄, ०.३८ मोल NO₂, एकूण १.१९ मोल. NO₂ चा आंशिक दाब ०.३१९ बार, N₂O₄ चा ०.६८१ बार, आणि सगळ्यांना लागलेली जागा सुमारे २९.५ लिटर. पडताळा: ०.३१९² ÷ ०.६८१ = ०.१५. जमलं.

*पहिला बदल: दट्ट्या दाबून आकारमान निम्मं केलं.* क्षणभर अभिक्रिया थांबवा. दोन्ही आंशिक दाब दुप्पट झाले: NO₂ ०.६३९ बार, N₂O₄ १.३६१ बार. Q = ०.६३९² ÷ १.३६१ = ०.३०. सूत्रानं सांगितलं होतं तसंच, २ चा पहिला घात, म्हणून Q नेमका दुप्पट. K पेक्षा मोठा, म्हणून समतोल डावीकडे सरकणार.

नवा समतोल काढायचा तर K = ४α²/(१ − α) × RT/V हे रूप सोयीचं पडतं. इथे RT/V = १.६८ बार प्रति मोल. वर्गसमीकरण सोडवलं की α = ०.१३९ येतो. NO₂ चे मोल ०.३८ वरून ०.२७७ वर आले. पण NO₂ चा आंशिक दाब आता ०.४६६ बार आहे, म्हणजे मूळच्या ०.३१९ पेक्षा जास्तच! समतोल NO₂ संपवण्याच्या बाजूला सरकला, तरी शेवटी NO₂ ची संहती आधीपेक्षा वाढलेलीच आहे. सरकण्यानं वाढ थोडी कमी केली, पुसून टाकली नाही. एकूण दाबही २ बार न होता १.९१ बारवर थांबला.

*दुसरा बदल: आकारमान २९.५ लिटरच ठेवून १.१९ मोल आरगॉन सोडला.* एकूण मोल दुप्पट, एकूण दाब २ बार. आता NO₂ चा आंशिक दाब किती? मोल-अपूर्णांकावरून काढला तर ०.३८ ÷ २.३८ = ०.१६, गुणिले २ बार, म्हणजे ०.३१९ बार. मोल-अपूर्णांक निम्मा झाला, एकूण दाब दुप्पट झाला, गुणाकार तिथेच राहिला. N₂O₄ चंही तसंच. Q = ०.१५, समतोल जागचा हललेला नाही. आरगॉन दुप्पट घाला, दसपट घाला, आदर्श वायूंच्या हिशेबात काहीच फरक पडत नाही.

इथे घोटाळा होतो तो असा: मोल-अपूर्णांक कमी झालेला दिसला की मुलं म्हणतात, "NO₂ कमी झाला, म्हणून उजवीकडे." एकूण दाब वाढलेला दिसला की म्हणतात, "म्हणून डावीकडे." दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात आणि एकमेकींना तंतोतंत छेद देतात. अर्धवट हिशेब कुठूनही धरला तरी चुकीच्या उत्तराला जाऊन पोचतो.

*तिसरा बदल: दाब १ बारवर कायम ठेवून तेवढाच, १.१९ मोल, आरगॉन सोडला.* दट्ट्या बाहेर सरकतो आणि आकारमान क्षणात सुमारे ५९ लिटर, म्हणजे दुप्पट होतं. NO₂ चा आंशिक दाब ०.१६, N₂O₄ चा ०.३४. Q = ०.१६² ÷ ०.३४ = ०.०७५, K च्या निम्मा. समतोल उजवीकडे सरकणार.

शेवटी α = ०.२६१ येतो. NO₂ चे मोल ०.३८ वरून ०.५२ झाले, म्हणजे मोलांत चांगलीच वाढ. पण आकारमान आता ६०.७ लिटर आहे, आणि NO₂ चा आंशिक दाब ०.२१ बार, आधीच्या ०.३१९ पेक्षा कमी. पहिल्या बदलाचंच हे आरशातलं रूप. समतोल उजवीकडे सरकूनही NO₂ ची संहती घटली, कारण जागाच तेवढी वाढली.

आरगॉन न घालता दट्ट्या ओढून आकारमान एकदम ६०.७ लिटर केलं असतं, तरी α नेमका ०.२६१ च आला असता. स्थिर दाबाला आरगॉननं काय केलं, तर फक्त जागा वाढवली. दट्ट्या हातानं ओढला काय नि आरगॉननं ढकलला काय, NO₂ आणि N₂O₄ ला दोन्ही सारखंच.

तिसऱ्या प्रकारासाठी एक जवळची वाट

स्थिर दाबाच्या गणितांत वर्गसमीकरण टाळायचं असेल, किंवा उत्तर तपासून पाहायचं असेल, तर हे ध्यानात ठेवा. शेवटच्या मिश्रणात निष्क्रिय वायूचा मोल-अपूर्णांक y असेल, तर अभिक्रियेतल्या वायूंच्या वाट्याला P(१ − y) एवढाच दाब येतो. समतोल अगदी तसाच असतो, जसा निष्क्रिय वायूशिवाय P(१ − y) दाबाला असता.

वरच्या उदाहरणात शेवटी एकूण मोल १ + ०.२६१ + १.१९ = २.४५१. आरगॉनचा वाटा ०.४८६. म्हणून प्रभावी दाब ०.५१४ बार. आता α² = K ÷ (४P + K) मध्ये P = ०.५१४ ठेवा: ०.१५ ÷ २.२०६ = ०.०६८, म्हणून α = ०.२६१. जुळलं.

यातून Δn ऋण असलेल्या अभिक्रियांचंही उत्तर आपोआप मिळतं. स्थिर दाबाला निष्क्रिय वायू घालणं म्हणजे प्रभावी दाब उतरवणं, आणि दाब उतरला की समतोल जास्त वायुमोलांच्या बाजूला जातो, ती बाजू डावी असो की उजवी. Δn शून्य असेल, उदाहरणार्थ H₂ + I₂ ⇌ 2HI, तर (RT/V)⁰ = १. आकारमान कितीही बदला, Q हलत नाही.

सिरिंजमधला रंग पाहताना

NO₂ चं मिश्रण बंद सिरिंजमध्ये भरून दट्ट्या दाबण्याचा प्रयोग बऱ्याच वर्गांत दाखवतात. NO₂ विषारी आहे, हा प्रयोग धूरपेटीतच करायचा आणि घरी तर अजिबातच नाही. दट्ट्या दाबल्यावर रंग एकदम गडद होतो आणि मग थोडा फिका पडतो. फळ्यावर स्पष्टीकरण लिहिलं जातं: "आधी संहती वाढली, मग समतोल डावीकडे सरकला."

आकडे पाहिले की यातले बारकावे दिसतात. बाजूनं पाहिलं तर शेवटचा रंग मूळ रंगापेक्षा गडदच राहतो, ०.४६६ विरुद्ध ०.३१९, म्हणजे जवळपास दीडपट. त्यामुळे "फिका पडला म्हणजे मूळपेक्षा फिका" असं समजणाऱ्याचा गोंधळ उडतो. सिरिंजच्या टोकाकडून, लांबीच्या दिशेनं पाहिलं तर गोष्ट स्वच्छ होते. दाबल्यावर संहती दुप्पट होते पण नजरेच्या वाटेतली लांबी निम्मी होते, म्हणून नुसत्या दाबण्यानं त्या दिशेनं रंग बदलायला नको. तरीही तो मूळपेक्षा फिका दिसतो, कारण NO₂ चे मोलच ०.३८ वरून ०.२७७ वर, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांवर आलेले असतात. समतोल सरकल्याचा खरा पुरावा पाहायचा तर याच बाजूनं पाहावा.

दुसरी गोष्ट वेळेची. N₂O₄ आणि NO₂ मधला समतोल साधायला सेकंदाचा अगदी क्षुल्लक अंश पुरतो, डोळ्याला तो टिपताच येणार नाही. मग रंग सावकाश फिका पडताना जो दिसतो तो कशामुळे? झटकन दाबल्यानं वायू तापतो. विघटन उष्णताग्राही असल्यामुळे तापल्यावर K वाढतो आणि रंग आणखी गडद होतो. मग वायू सिरिंजच्या भिंतींना उष्णता देऊन खोलीच्या तापमानाला येतो, तसा रंग उतरत जातो. आपल्याला दिसतं ते बरंचसं थंड होणं. म्हणून निष्कर्ष काढायचा तर दाबून झाल्यावर थोडं थांबा, नाहीतर दाब आणि तापमान या दोन गोष्टींचा परिणाम एकत्र मोजाल.

नायट्रोजन वाढवला आणि अमोनिया घटला

समतोलात बदल केला की समतोल तो बदल कमी करण्याच्या बाजूला सरकतो, हे तत्त्व ल शातेलिएनं १८८४ मध्ये मांडलं. ते वाक्य ओघात वापरायला सोयीचं आहे, पण दाब स्थिर असताना ते कसं दगा देतं, याचं एक उदाहरण मला फार आवडतं.

N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃. समतोलातल्या मिश्रणात आणखी नायट्रोजन घातला तर? "अभिकारक वाढवला, म्हणून उजवीकडे," हे उत्तर कुणीही डोळे झाकून देईल. दृढ पात्रात ते बरोबरही आहे. आता दाब स्थिर ठेवा आणि असं मिश्रण घ्या: नायट्रोजन ६ मोल, हायड्रोजन ३ मोल, अमोनिया १ मोल. हे समतोलात आहे असं धरू. त्यात २ मोल नायट्रोजन घाला.

दोन गोष्टी घडतात. नायट्रोजनचे मोल ६ चे ८ झाले, म्हणून Q च्या छेदात ८/६ = १.३३ ची वाढ. पण एकूण मोल १० चे १२ झाले, म्हणून आकारमान १.२ पट वाढलं. Δn = −२ असल्यानं (RT/V)^−२ मधून Q ला १.२² = १.४४ नं गुणावं लागतं. एकत्र: १.४४ ÷ १.३३ = १.०८. Q हा K पेक्षा ८ टक्के मोठा झाला, म्हणजे समतोल डावीकडे. नायट्रोजन घातला आणि थोडा अमोनिया मोडला!

थोडं घालत गेलं तर हे केव्हा घडतं याची अटही साधी आहे: मिश्रणात नायट्रोजनचा मोल-अपूर्णांक निम्म्यापेक्षा जास्त असला की. तिथून पुढे घातलेला नायट्रोजन अभिकारक म्हणून जेवढी मदत करतो, त्यापेक्षा इतरांना पातळ करून जास्त नुकसान करतो. तो जवळपास निष्क्रिय वायूसारखा वागायला लागतो. नुसतं तत्त्व घोकणारा इथे फसतो. चौथ्या पायरीप्रमाणे दोन्ही गुणक मांडणारा फसत नाही.

कारखान्यात याचं काय होतं

अलिबागजवळच्या थळमध्ये राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आरसीएफचा अमोनिया-युरियाचा प्रकल्प आहे. अशा प्रकल्पांत नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन आणि हवेपासून नायट्रोजन मिळवतात. हवेत सुमारे ०.९३ टक्के आरगॉन असतो, तो नायट्रोजनबरोबर येतो. नैसर्गिक वायूतला थोडा मिथेनही अभिक्रिया न होता शिल्लक राहतो. दोघेही अमोनियाच्या अभिक्रियेत भाग घेत नाहीत.

एका फेरीत थोड्याच वायूचा अमोनिया होतो, म्हणून अमोनिया द्रवरूप करून काढून घेतात आणि उरलेला वायू पुन्हा उत्प्रेरकावर पाठवतात. हे चक्र ठरावीक दाबाला चालतं. हायड्रोजन-नायट्रोजन दर फेरीत खर्च होत जातात, आरगॉन आणि मिथेन मात्र साचत जातात. चक्राचा दाब २०० बार आहे आणि निष्क्रिय वायू १० टक्के झाले, तर अभिक्रियेला मिळतात फक्त १८० बार. Δn = −२, म्हणून दाब उतरला की अमोनिया कमी. कॉम्प्रेसर मात्र २०० बारांचंच काम करत राहतो, आणि वीज-इंधन त्या फुकटच्या १० टक्क्यांवरही खर्च होतं.

उपाय म्हणून चक्रातला थोडा वायू सतत बाहेर सोडतात, त्याला पर्ज म्हणतात. पर्ज फार ठेवला तर मोलाचा हायड्रोजन त्यासोबत जातो, फार कमी ठेवला तर निष्क्रिय वायू वाढतात. म्हणून तो नेमका किती ठेवायचा हा हिशेबाचा प्रश्न असतो, आणि बाहेर काढलेल्या वायूतला हायड्रोजन परत मिळवण्याची सोय कित्येक ठिकाणी केलेली असते.

स्टायरीनच्या कारखान्यात नेमकं उलटं गणित चालतं. इथाइलबेंझीनपासून स्टायरीन आणि हायड्रोजन होतात, Δn = +१. इथे प्रभावी दाब जितका कमी तितकं चांगलं. म्हणून साधारण ६०० अंश सेल्सिअसला इथाइलबेंझीनसोबत कित्येक पट मोल वाफ सोडतात. वाफ तीन कामं करते: आंशिक दाब खाली आणते, उष्णताग्राही अभिक्रियेला उष्णता पुरवते आणि उत्प्रेरकावर कोळशाचा थर साचू देत नाही. नंतर ती थंड करून पाणी म्हणून वेगळी काढायलाही सोपी. नुसता निर्वात करूनही दाब उतरवता येतो, आणि काही प्रकल्प दाब वातावरणापेक्षा खाली ठेवतातही. पण गरम हायड्रोजन आणि हायड्रोकार्बनच्या यंत्रणेत बाहेरची हवा शिरली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

घन पदार्थ असेल तेव्हा

CaCO₃ ⇌ CaO + CO₂ मध्ये K म्हणजे फक्त CO₂ चा दाब. आकारमान निम्मं केलं तर CO₂ चा दाब क्षणभर दुप्पट होतो, पण दोन्ही घन शिल्लक असतील तोवर तो पुन्हा नेमका पहिल्या किमतीला येतो. N₂O₄ मध्ये वाढ थोडीशीच भरून निघाली होती, इथे ती पूर्ण पुसली जाते. दृढ पात्रात आरगॉन सोडला तर CO₂ चा दाब तोच, म्हणून काही नाही. स्थिर दाबाला आरगॉन सोडला तर CO₂ पातळ होतो आणि जास्त चुनखडी मोडते, चुनखडी उरलीच नाही तर मात्र सगळा हिशेब संपतो. चुन्याच्या भट्टीतून वायूचा प्रवाह चालू ठेवण्याचा एक फायदा हाच आहे.

हे कुठवर चालतं

वरचं सगळं आदर्श वायूंसाठी आहे. एक-दोन बारांच्या आसपास ते भरवशाचं आहे. अमोनियाच्या चक्रासारख्या शंभर-दोनशे बारांच्या दाबाला रेणू एकमेकांना जाणवायला लागतात. तिथे आंशिक दाबाच्या जागी फ्युगॅसिटी, म्हणजे रेणूंचा एकमेकांवरचा परिणाम धरून दुरुस्त केलेला दाब, घ्यावी लागते, आणि दृढ पात्रात सोडलेला आरगॉनही इतर वायूंची फ्युगॅसिटी किंचित बदलतो. म्हणजे "आकारमान स्थिर असेल तर शून्य परिणाम" हे तिथे "फारच थोडा परिणाम" असं होतं. परीक्षेच्या प्रश्नात दाबाचा आकडा कितीही मोठा असला तरी वेगळं सांगितलेलं नसेल तर वायू आदर्शच धरायचे असतात.

दृढ पात्रात दाबाखालचा आरगॉन झटक्यात सोडला तर आतला वायू दाबला जाऊन थोडा तापतो. तेवढ्यापुरता NO₂ चा रंग गडद झालेला दिसेल आणि वाटेल की समतोल सरकला. पात्र पाण्यात बुडवून २९८ केल्विनला येऊ द्या, रंग पुन्हा पहिल्यासारखा होतो. तापमापी त्याच तापमानाला येऊनही रंग बदललेला राहिला, तर दोनच शक्यता उरतात: आकारमान हललं आहे, किंवा घातलेला वायू वाटला तितका निष्क्रिय नाही.